गोळ्यांच्या माऱ्याने दीर्घायुषी होणारे पोलाद

मालमोटारीचा मोडलेला कमानपाटा निरखून पाहिला, तर भंगलेल्या तोंडावर शिंपल्यावरील वलयांसारख्या रेषा पृष्ठभागाजवळच्या एखाद्या बिंदूभोवती पसरलेल्या पुष्कळदा दिसतात. कारण लाखो हेलकाव्यांत, ताण पडणाऱ्या बाजूच्या एखाद्या ओरखड्यापाशी सूक्ष्म चीर उपजते आणि ताणागणिक किंचित उघडून आत सरकते.

म्हणून कारखान्यात त्याच बाजूवर मोहरीहून बारीक पोलादी गोळ्यांचा वेगवान मारा करतात. प्रत्येक गोळी इवलासा खळगा पाडून वरचा थर आडवा पसरवू पाहते. परंतु खालचे अविचल पोलाद त्यास पसरू देत नाही, आणि तो थर, खच्चून भरलेल्या डब्यातील उतारूंप्रमाणे, कायमचा दाबात राहतो. पुढे ताण आला, तरी त्याचा बराच हिस्सा हा दाब फेडण्यातच खर्ची पडतो व चिरेचे तोंड मिटलेले राहते.

माऱ्याची मोजदाद करण्यासाठी अमेरिकेतील जे. ओ. आल्मेन यांनी पातळ पोलादी पट्टी योजिली: ठोकळ्यावर आवळून एकाच बाजूने मारा केलेली ही पट्टी सोडताच त्या बाजूस फुगून कमानदार होते, आणि कमानीची उंची हाच माऱ्याच्या तीव्रतेचा दाखला. मात्र अतिरेकी माऱ्याने पृष्ठभागच चिरतो, आणि पाटा नंतर फार तापला, तर दाबाची ही पुंजी ओसरून जाते.