जुन्या फोनवर नवी सिस्टीम घेण्याआधी

आयफोन ११ सप्टेंबर २०१९ मध्ये आला, तेव्हा त्यात आयओएस १३ होती. १५ सप्टेंबर २०२५ला आलेली आयओएस २६ या फोनवर चालते. मात्र त्याच्या आदल्या वर्षीचे एक्सआर आणि एक्सएस या वेळी यादीतून वगळले गेले. म्हणजे आयफोन ११ आता यादीतला सर्वांत जुना क्रमांक आहे. यादीत नाव असले म्हणजे फोन नव्या सिस्टीमवर सुखाने चालेल, असे मात्र नाही.

घाईने ‘इन्स्टॉल’ दाबू नका, कारण नंतर मागे फिरता येत नाही. सिस्टीम बसवताना फोन ॲपलच्या सर्व्हरकडून मंजुरी घेतो. नवी आवृत्ती आली की थोड्याच काळात जुन्या आवृत्तीला मंजुरी देणे बंद होते. मग फोन रेंगाळला तरी १८वर परतता येत नाही. २६वर घेतलेला बॅकअप १८च्या फोनवर चढतही नाही. बॅकअपने तुमचे फोटो आणि चॅट वाचतात, जुनी सिस्टीम नाही.

आता समजा, घरात ६४ जीबीचा आयफोन ११ आहे. आधी सेटिंग्जमधल्या ‘बॅटरी’त जाऊन बॅटरीची क्षमता पाहा. ती ८० टक्क्यांखाली असेल, तर बॅटरी आधी बदला. अपडेटनंतर फोन काही दिवस फोटो आणि फाइलींची यादी नव्याने लावतो, तेव्हा तो तापतो आणि चार्जिंग भराभर उतरते. थकलेल्या बॅटरीला हे झेपत नाही. मग ‘स्टोरेज’ पाहा. अपडेटला लागणारी जागा स्क्रीनवर दिसते, पण तेवढ्यावर भागवू नका. त्याहून बरीच जास्त मोकळी करा.

बॅकअपसाठी आयक्लाउडवर फुकट फक्त ५ जीबी मिळतात. फोटो असलेला फोन त्यात मावत नाही. म्हणून केबलने कॉम्प्युटरला जोडून पूर्ण बॅकअप घ्या आणि तिथे ‘एन्क्रिप्ट’वर खूण करा. ती नसेल तर साठवलेले पासवर्ड आणि आरोग्याच्या नोंदी बॅकअपमध्ये येत नाहीत. या बॅकअपचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा. तो विसरलात तर बॅकअप उघडत नाही. शेवटी ‘लास्ट बॅकअप’पुढे आजची तारीख आहे का, ते पाहा. अर्धवट राहिलेला बॅकअप अनेकदा इथेच पकडला जातो.

अपडेट कायमचे टाळूही नका. जुन्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या काही काळच मिळतात, आणि ॲपही एक दिवस साथ सोडतात: मे २०२५पासून व्हॉट्सॲपला किमान आयओएस १५.१ लागते. माझे मत असे की मोठी आवृत्ती पहिल्याच दिवशी घेऊ नये. नोव्हेंबर २०२५च्या २६.१मध्ये नव्या काचेसारख्या रूपाची पारदर्शकता कमी करायची सोय आली. असा पहिला-दुसरा छोटा अपडेट येईपर्यंत थांबा, बॅकअपची तारीख पुन्हा बघा आणि मगच बटण दाबा.