लहान जन्मलेलं बाळ उंचीत कुठवर पोहोचतं?

पूर्ण दिवसांची मुलगी ४४ सेंटिमीटर लांबीची जन्मली, तर घरचे धास्तावतात. गर्भकाळाच्या मानाने ती खरंच लहान असते. पण अशा दहापैकी साधारण नऊ मुलं दोन वर्षांत मागची कसर भरून काढतात, बहुतेक वाढ तर पहिल्याच वर्षात होते. पुढे ती सरासरीपेक्षा थोडी बुटकी राहू शकतात, एवढंच.

खरी काळजी उरलेल्या एकाची.

समजा, हीच मुलगी दोन वर्षांची झाल्यावर झोपवून मोजली आणि ७७ सेंटिमीटर भरली. या वयाची खालची मर्यादा सुमारे ८० आहे. केवळ जास्त भरवून ही तूट भरत नाही. वजन मात्र अवाजवी वाढतं. अशा वेळी ‘वयात आल्यावर वाढेल’ म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांकडून वाढीची तपासणी करून घ्या.