संवाद पुटपुटल्यासारखे, संगीत मात्र दणदणीत

सिनेमाचा आवाज बहुधा सहा वाटांनी येतो. त्याला ५.१ म्हणतात. त्यात बहुतेक संवाद मधल्या वाटेत असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असले की या साऱ्या वाटा त्यांतच कोंबल्या जातात आणि संगीताखाली बोलणं दबतं. त्यातून हे स्पीकर पाठीमागे किंवा खाली तोंड करून बसवलेले, म्हणून शब्दांच्या कडा आणखी बोथट होतात.

म्हणून आधी ॲपमधल्या Audio यादीत पाहा. भाषेपुढे 5.1 लिहिलेलं असेल, तर तीच भाषा 5.1 शिवाय मिळते का ते बघून निवडा. मग टीव्हीच्या Sound मेन्यूत Movie ऐवजी Clear Voice किंवा तशा नावाचा पर्याय लावा. रात्री Night Mode असेल तर उत्तम; तो मोठे आवाज दाबतो, त्यामुळे बोलणं ऐकायला आवाज वाढवला तरी पुढच्या स्फोटाला दचकायला होत नाही.

चित्रीकरणातच अस्पष्ट झालेलं बोलणं मात्र याने सुधारत नाही. तिथे सबटायटल्स लावावीत. इअरफोनने खोलीतला घुमारा आणि पंख्याचा आवाज टळतो. ब्लूटूथवर ओठ आधी हलून शब्द मागून आले, तर वायरवाला इअरफोन वापरा.