लघवीत साखर कधी उतरते?

रक्तातली साखर 150 झाली तरी लघवीच्या पट्टीचा रंग सहसा बदलत नाही, 250 झाली की बदलतो. मधे नेमकं काय घडतं?

मूत्रपिंडं दर मिनिटाला साधारण 125 मिलिलिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यासोबत साखर, मीठ, अमिनो आम्लं असं कामाचं बरंच काही गाळलं जातं. गाळणीनंतरच्या नलिकेच्या पहिल्या भागात, म्हणजे समीपस्थ नलिकेत, ते परत घेतलं जातं. साखर आणि अमिनो आम्लं जवळजवळ सगळी, तर सोडियम आणि पाणी सुमारे दोन तृतीयांश.

या कामाची ऊर्जा खर्च होते ती पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला. तिथला पंप सोडियम सतत बाहेर काढत राहतो, म्हणून पेशीत सोडियम कमी असतं आणि नलिकेतलं सोडियम आत शिरू पाहतं. शिरताना वाहक प्रथिनांतून ते ग्लुकोजलाही सोबत ओढून आणतं. बहुतेक अमिनो आम्लंही अशीच येतात, फक्त त्यांच्या गटागटांचे वाहक वेगळे असतात.

वाहकांची संख्या मात्र ठरलेली असते. सगळे गुंतले की त्याहून जास्त साखर कितीही आली तरी परत नेता येत नाही. या मर्यादेला कमाल वहनक्षमता म्हणतात. ग्लुकोजसाठी ती मिनिटाला साधारण 375 मिलिग्रॅम आहे.

आता हिशोब करू. रक्तात साखर 100 असेल, तर मिनिटाला 125 मिलिग्रॅम गाळली जाते आणि सगळी परत येते. 400 झाली तर 500 गाळली जाते, 375 परत येते, उरलेली 125 लघवीत जाते. दिवसभर असंच चाललं तर हा आकडा 180 ग्रॅम होतो. ती साखर पाणीही धरून ठेवते, म्हणून मधुमेह वाढला की वारंवार लघवीला जावं लागतं आणि तहान भागत नाही.

याच हिशोबाने 300 पर्यंत लघवीत साखर यायला नको. प्रत्यक्षात ती 180 ते 200 च्या आसपासच दिसू लागते, कारण लाखो नलिकांची क्षमता सारखी नसते. काही आधीच भरून जातात आणि त्यांच्यातली साखर निसटते.

सोडियमला मात्र इथे असं छत नाही. गाळणी वाढली तर नलिकाही त्याच प्रमाणात जास्त सोडियम परत घेते.

त्यामुळे पट्टीवर साखर दिसली म्हणजे मधुमेहच, असं नाही. गरोदरपणात गाळणी वाढते, म्हणून रक्तातली साखर ठीक असतानाही ती उतरू शकते. काहींमध्ये वाहक जन्मतःच सदोष असतो. डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं तर हाच वाहक मुद्दाम अडवतात. साखरेसोबत अमिनो आम्लं आणि फॉस्फेटही वाहून जात असेल, तर दोष एका वाहकाचा नसून पूर्ण समीपस्थ नलिकेचा असण्याची शंका डॉक्टरांना येते. उलट, मूत्रपिंडं थकून गाळणी मंदावली असेल, तर रक्तातली साखर 250 असूनही पट्टी कोरी राहू शकते. अशा रुग्णाची रक्ततपासणीच करावी लागते.