जुन्या पुस्तकांचं नवं दुकान

जपानमध्ये 1990 साली 'बुक ऑफ' सुरू झालं, तेव्हा जुन्या पुस्तकांची दुकानं अंधारी, धुळकट असत आणि भाव मालकाच्या मर्जीवर ठरे. बुक ऑफनं लखलखीत दिवे लावले, पुस्तकांच्या पिवळ्या पडलेल्या कडा यंत्रानं घासून काढल्या. 'जुनी पुस्तकं घेतो' ऐवजी पाटीवर विनंती आली: 'पुस्तकं आम्हाला विका'. विकणारा आता गरजू राहिला नाही, त्याच्याकडेच मागणं आलं.

भावाचा नियमही सोपा होता. चांगल्या स्थितीतलं पुस्तक छापील किमतीच्या साधारण दहा टक्क्यांना घ्यायचं, निम्म्या किमतीला विकायचं. घासाघीस नाही, त्यामुळे अपमानही नाही. मात्र स्वच्छता हाच निकष असल्यानं दुर्मीळ पण मळकं पुस्तक कवडीमोल ठरे, आणि त्यातलीच स्वस्तात सुटलेली रत्नं हेरून चाणाक्ष व्यापारी ती बाहेर चढ्या भावानं विकत.