पाटी बदलली, दुकान तेच

आजोबांनी सुरू केलेलं हार्डवेअरचं दुकान नातवंडं नव्या नावानं आणि वेबसाइटसह पुढे नेतात, तेव्हा शटरवर एक सूचना लागते: 'आमचे नाव बदलले आहे, सेवा तीच.' या सूचनेत एक ओळ हवीच: मालक तेच आहेत की बदलले?

समजा, दुकान वडिलांच्या एकट्याच्या मालकीचं आहे आणि फक्त नाव बदललं. मग पॅन तोच राहतो, म्हणून जीएसटी नंबरही तोच राहतो. नोंदणीतलं व्यापारी नाव बदलण्यासाठी १५ दिवसांत अर्ज करायचा असतो. पण याच वेळी दोन भावांनी भागीदारी केली, तर भागीदारी संस्थेला स्वतःचा पॅन लागतो आणि जीएसटी नोंदणीही नवी घ्यावी लागते. पाटीखालचा नंबर बदलतो. दुकानात उधारीचं खातं असलेल्या कंत्राटदारानं जुन्याच नंबरावर नोंदी चालू ठेवल्या, तर त्याचा हिशेब जुळत नाही. म्हणून सूचनेत नंबर छापावा, आणि बदलला असेल तर कोणत्या तारखेपासून तेही लिहावं.

दुसरी अडचण गल्ल्यावर दिसते. पाटीवर नवं नाव आणि क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मोबाइलवर जुनं नाव आलं, की गिऱ्हाईक थबकतं. त्याचं थबकणं बरोबरच आहे. म्हणून आधी बँकेतल्या खात्याचं नाव बदलावं आणि मगच पाटी चढवावी. तसंच गूगलच्या नकाशावर दुकानाची नवी नोंद करू नये, जुन्या नोंदीतलंच नाव बदलावं. नवी नोंद केली, की वर्षानुवर्षं जमलेले अभिप्राय जुन्या नावापाशीच अडकतात.

खरी कसोटी मात्र वेबसाइटवर लागते. काउंटरवर गिऱ्हाईक तुटका नळ पुढे धरतं आणि म्हणतं, "याच्या मापाचा द्या." जुना माणूस आटे बघूनच अर्धा इंची की पाऊण, ते सांगतो. सुतार 'दोन सुती ड्रिल' मागतो. दोन सूत म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. वेबसाइटवर माप फक्त मिलिमीटरमध्ये टाकलं आणि शोधात 'सूत' हा शब्दच नसला, तर त्या सुताराला दुकानात असलेला मालही सापडत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे सूत, इंच आणि मिलिमीटर तिन्ही मापं हवीत, 'बिजागरी', 'कडी-कोयंडा' ही बोलीतली नावं हवीत आणि तुटक्या भागाचा फोटो पाठवायला व्हॉट्सअ‍ॅप नंबरही हवा.

नव्या नावाखाली 'पूर्वीचे अमुक हार्डवेअर' ही ओळ निदान काही वर्षं राहू द्या. तुमचं गिऱ्हाईक अजून त्याच नावानं पत्ता सांगतं.