दूध बदललं, प्रथिन तेच

मुलुंडच्या माझ्या भाचीचं बाळ दोन महिन्यांचं होतं. अंगावरच्या दुधासोबत वरचा डबाही चालू होता. बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसू लागले, गालांवर इसब उठला. आजीने तबेल्यातलं म्हशीचं दूध सुचवलं, शेजारणीने शेळीचं. मी वाचत गेलो तेव्हा कळलं, की या तिन्ही दुधांतली प्रथिनं इतकी सारखी असतात, की गाईचं बाधलेल्या बाळाला बहुधा बाकीचीही बाधतात. लॅक्टोजविरहित डबाही निरुपयोगी. त्यातून साखर जाते, प्रथिन राहतं.

बालरोगतज्ज्ञांनी स्तनपान चालूच ठेवलं, पण भाचीचं दूध, दही, पनीर बंद केलं आणि प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला डबा दिला. त्यानेही भागलं नाही, तर अमिनो आम्लांचा डबा असतो. तीन आठवड्यांत रक्त थांबलं. तेवढ्याने निदान पक्कं होत नाही, कारण अशी लक्षणं कधी आपोआपही जातात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा गाईचं दूध देऊन पाहिलं. चौथ्या दिवशी रक्त परतलं, तेव्हा खात्री झाली.

मात्र दूध पिताच गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर तडक रुग्णालय गाठावं. अशा बाळावर हा प्रयोग घरी कधीच करू नये.